नोंदवहीत सापडलेला परवलीचा शब्द

एखाद्या संकेतस्थळाचा परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, आपण विसरलो तर काय होते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. 'पासवर्ड विसरलात?' या ओळीवर टिचकी मारली की पत्राने किंवा फोनवर एक खूण येते आणि आपल्याला नवा शब्द ठरवायला सांगितले जाते. जुना शब्द मात्र कोणी सांगत नाही. एखाद्या चौकस विद्यार्थ्याला इथे प्रश्न पडायला हवा. आपण रोज शब्द टाइप करतो आणि संगणक तो बरोबर आहे की चूक ते लगेच ओळखतो. मग तो शब्द आपल्याला परत सांगायला त्याला काय हरकत आहे?

उत्तर असे की, नीट रचलेल्या प्रणालीत तो शब्द संगणकापाशी नसतोच. तो न साठवता ओळखण्याची युक्ती गेली पन्नासहून अधिक वर्षे वापरात आहे. असे असूनही २१ मार्च २०१९ रोजी फेसबुकने जाहीर केले की कोट्यवधी लोकांचे परवलीचे शब्द कंपनीच्या आतल्या संगणकांवर सहज वाचता येतील अशा रूपात सापडले आहेत. जो शब्द साठवलेलाच नाही, तो सापडला कसा? या कोड्याचे उत्तर तिजोरीत नाही, तिजोरीशेजारच्या टेबलावर पडलेल्या नोंदवहीत आहे. या नोंदवहीचा इतिहास आपण पाहणार आहोत.

शब्द न साठवता तो ओळखायचा कसा?

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सीटीएसएस नावाची प्रणाली तयार झाली. एकच मोठा संगणक अनेक जण एकाच वेळी वापरू शकतील, ही तिची नवलाई. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला गेला. हे सारे शब्द एका फाइलीत, आहेत तसेच लिहिलेले होते.

मग एक दिवस मजेशीर घोटाळा झाला. एक व्यवस्थापक परवलीच्या शब्दांच्या फाइलीत दुरुस्ती करत होता, आणि त्याच वेळी दुसरा व्यवस्थापक 'आजची सूचना' लिहीत होता. ही सूचना काम सुरू करणाऱ्या प्रत्येकासमोर आपोआप छापली जाई. लिखाणाची आज्ञावली अर्धवट काम एका तात्पुरत्या फाइलीत ठेवत असे. आज्ञावलीच्या रचनेतील दोषामुळे दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. परिणाम असा की त्यानंतर जो कोणी संगणकासमोर बसला, त्याला सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द वाचायला मिळाले!

रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात ही हकीकत दिली आहे. तिच्यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. फाइल कितीही कुलूपबंद केली तरी ती कधी ना कधी बाहेर पडणारच. तेव्हा बाहेर पडली तरी बिघडणार नाही असेच काहीतरी तिच्यात लिहावे. केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात यासाठी एकमार्गी फलनाची कल्पना वापरली होती. मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी ती युनिक्स प्रणालीत अधिक पक्की केली.

एकमार्गी फलन म्हणजे काय, याचा अंदाज वर्गात फळ्यावर देता येईल. ४४१९ ही संख्या घ्या. तिचा वर्ग १९५२७५६१. यातले मधले चार अंक ५२७५. आता ४४१९ वरून ५२७५ मिळवणे सोपे आहे, पण फक्त ५२७५ दिले तर मूळ संख्या कोणती हे उलट्या दिशेने सांगता येत नाही. एकेक संख्या घेऊन करून पाहावे लागते. संगणकात वापरतात ती फलने याहून पुष्कळच किचकट असतात, पण तत्त्व हेच. फाइलीत फक्त '५२७५' लिहायचे. माणसाने शब्द टाइप केला की त्यावर तीच क्रिया करायची आणि उत्तर जुळते का ते पाहायचे. मूळ शब्द लगेच विसरून जायचा. या उत्तराला संगणकाच्या भाषेत हॅश म्हणतात.

इथपर्यंत सारे ठीक आहे. फक्त एक बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवू. क्रिया करण्यासाठी मूळ शब्द क्षणभर तरी संगणकाच्या हाती असावाच लागतो. आजकाल आपल्या फोनपासून दूरच्या संगणकापर्यंतचा त्याचा प्रवास सांकेतिक रूपात होतो, हे खरे. पण तिथे पोहोचल्यावर ते आवरण उतरते, शब्द उघडा होतो, आणि मग त्याचा हॅश काढला जातो. हा उघडेपणाचा काळ सेकंदाच्या अगदी लहानशा भागाएवढा असतो. आपली सारी कथा त्या लहानशा फटीत घडते.

ओंडक्यापासून नोंदवहीपर्यंत

संगणकाच्या नोंदवहीला इंग्रजीत लॉग म्हणतात. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. शिडाच्या जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरीला बांधलेली फळी समुद्रात टाकत. दोरीला ठराविक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचे लहान घड्याळ रिकामे होईपर्यंत किती गाठी हातातून सरकल्या, त्यावरून वेग कळे. जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्ये म्हणजे गाठींमध्ये सांगतात, तो यामुळेच. हे आकडे ज्या वहीत उतरवत तिला ओंडक्याची वही हे नाव पडले आणि पुढे जहाजावरच्या सगळ्याच घडामोडी तिच्यात लिहिल्या जाऊ लागल्या.

संगणकाला अशी वही का लागते? आज्ञावली चालताना आत काय चालले आहे ते दिसत नाही. मध्यरात्री ती बंद पडली तर सकाळी येणाऱ्या माणसाला कारण कसे कळावे? म्हणून आज्ञावली लिहिणारा मध्येमध्ये अशा ओळी घालतो की ज्यांच्यामुळे 'अमुक वाजता अमुक झाले' असे एका फाइलीत लिहिले जाते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कली येथे एरिक ऑलमन यांनी पत्रे पोहोचवणारी सेंडमेल ही आज्ञावली लिहिली. तिच्या नोंदींसाठी त्यांनी सिसलॉग नावाची स्वतंत्र सोय केली. ती इतकी सोयीची ठरली की इतर आज्ञावल्याही आपल्या नोंदी तिच्याकडे पाठवू लागल्या. एका संगणकाच्या नोंदी जाळ्यावरून दुसऱ्या संगणकावर पाठवता येऊ लागल्या, आणि पुढे शेकडो संगणकांच्या नोंदी एकत्र करून त्यांत हवे ते शोधून देणारी भांडारे उभी राहिली.

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. नोंदवही सविस्तर असावी, हेच आम्हांला पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते. आज्ञावली लिहिणाऱ्यांची शिकवणही तशीच. पण तिजोरी आणि नोंदवही यांत एक मोठा फरक आहे. परवलीच्या शब्दांची फाइल मोजक्या माणसांनाच उघडता येते. नोंदवही मात्र मुळातच अनेकांनी वाचावी म्हणून लिहिलेली असते. दुरुस्ती करणारा, रात्रपाळीचा, बाहेरून बोलावलेला तज्ज्ञ, असे सगळे ती वाचतात. तिच्या प्रती निघतात, त्या दुसऱ्या गावच्या संगणकावर जपून ठेवल्या जातात. म्हणजे तिजोरीतली वस्तू नोंदवहीत गेली की ती चव्हाट्यावर आली असेच समजायचे.

चुकीच्या चौकटीतला शब्द

असे होण्याची सर्वांत जुनी वाट आपल्यापैकी अनेकांनी नकळत वापरली असेल. पडद्यावर आधी नाव विचारले जाते, मग परवलीचा शब्द. घाईत एखादा माणूस नावाच्या जागीच शब्द टाइप करतो. त्या नावाचा कोणीच नाही, म्हणून प्रणाली प्रवेश नाकारते आणि कर्तव्यदक्षपणे वहीत लिहिते की 'या या नावाने प्रवेशाचा प्रयत्न फसला'. ते 'नाव' म्हणजे खरे तर परवलीचा शब्द असतो. पाचसहा सेकंदांनी तोच माणूस बरोबर नाव टाकून आत येतो आणि त्याचीही नोंद होते. वही वाचणाऱ्यासमोर आता लागोपाठ दोन ओळी आहेत. पहिलीत किल्ली आणि दुसरीत घराचा पत्ता.

यात आज्ञावली लिहिणाऱ्याने शब्दाची नोंद केलेलीच नाही, त्याने नावाची नोंद केली आहे. तरीही शब्द वहीत गेला. युनिक्सच्या जाणत्यांनी ही गोष्ट बरीच आधी ओळखली. लिनक्स प्रणालीच्या `/etc/login.defs` या फाइलीत यासाठी एक खास ओळ असते:

```
LOG_UNKFAIL_ENAB    no
```

ओळखीचे नसलेले नाव नोंदवहीत लिहू नये, असा तिचा अर्थ. माणूस नावाऐवजी परवलीचा शब्द लिहून बसण्याची शक्यता असते, हे कारणही या ओळीच्या माहितीत दिलेले असते.

१९९० च्या दशकात वेब आले आणि दुसरी वाट उघडली. वेबचा संगणक प्रत्येक मागणीचा पत्ता वहीत लिहितो. काही संकेतस्थळे माणसाने भरलेली माहिती त्या पत्त्याच्याच शेपटीला जोडत. मग वहीतली ओळ अशी दिसे:

```
192.0.2.10 - - [12/Jun/1998:10:21:07 +0530]
"GET /login?user=asha&pw=kairi4419 HTTP/1.0" 200 1043
```

`pw=` च्या पुढे काय आहे ते सांगायला नको. १९९९ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झालेल्या वेबच्या नियमावलीत या प्रकाराबद्दल स्पष्ट इशारा आहे. गुप्त माहिती पत्त्यातून पाठवू नका, कारण मधले आणि शेवटचे अनेक संगणक पत्ता कुठे ना कुठे लिहून ठेवतात, असे तिच्यात सांगितले आहे.

चार निर्दोष पावले

तिसरी वाट सर्वांत गर्दीची. ती समजून घेण्यासाठी एक लहानशी कल्पित आज्ञावली पाहू:

```python
def login(request):
    log.debug("request: %s", request.form)
    user = find_user(request.form["username"])
    return check(user, request.form["password"])
```

दुसरी ओळ सांगते की आलेला अर्ज जसाच्या तसा वहीत लिहा. `check` मध्ये हॅश काढण्याचे काम अगदी चोख होते असे धरू. पण त्याच्या दोन पायऱ्या आधी वहीत हे उमटलेले असते:

```
DEBUG request: {'username': 'asha', 'password': 'kairi4419'}
```

इतकी उघड चूक कोणी कशी करेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ती एका माणसाने एका दिवसात केलेली नसते. समजा, पहिल्या वर्षी एकाने ग्रंथालयातील पुस्तके शोधण्याचे पान लिहिले. त्यातल्या अर्जात फक्त पुस्तकाचे नाव असे. अर्ज वहीत लिहिण्याने काही बिघडत नव्हते, उलट लोक काय शोधतात ते कळत होते. दुसऱ्या वर्षी आणखी कोणी, पुन्हा पुन्हा लिहावे लागू नये म्हणून, ती ओळ सर्व पानांसाठी सामाईक केली. तिसऱ्या वर्षी प्रवेशाचे पान आले आणि त्याने सामाईक भाग जसाच्या तसा उचलला. तरीही काही झाले नाही, कारण `debug` दर्जाच्या नोंदी एरवी बंद ठेवलेल्या असतात. चौथ्या वर्षी एका रात्री प्रणाली अडखळू लागली आणि कारण शोधण्यासाठी कोणीतरी त्या नोंदी चालू केल्या. सकाळी बिघाड सापडला, पण नोंदी बंद करायचे राहून गेले.

या चारांपैकी प्रत्येकाचे पाऊल सुटे पाहिले तर समजण्याजोगे आहे. कोणीही 'परवलीचा शब्द लिहा' असे सांगितलेले नाही. `log` असलेल्या ओळीत `password` हा शब्दसुद्धा नाही.

२०१८ आणि २०१९

हे कल्पित चित्र वास्तवाच्या किती जवळ आहे ते दोन वर्षांतच दिसले. गिटहब या प्रसिद्ध संकेतस्थळाने १ मे २०१८ च्या सुमारास काही सदस्यांना कळवले की, नेहमीच्या तपासणीत एक दोष सापडला आहे. परवलीचा शब्द बदलताना काही थोड्या लोकांचे शब्द आतल्या नोंदींमध्ये उघडे लिहिले गेले होते. लगेच ३ मे रोजी ट्विटरने आपल्या सर्व सदस्यांना, म्हणजे ३३ कोटींहून अधिक लोकांना, शब्द बदलण्याचा विचार करावा असे सुचवले. ट्विटर शब्द जपण्यासाठी बीक्रिप्ट हे भक्कम फलन वापरत होते. पण हॅश काढण्याचे काम पूर्ण होण्याआधीच शब्द आतल्या एका नोंदवहीत लिहिले जात होते. आपण वर जी फट पाहिली, तीच ही.

फेसबुकची हकीकत अधिक बोलकी आहे. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीचे सुरक्षा अभियंते नव्याने लिहिलेल्या एका आज्ञावलीची तपासणी करत होते. आज्ञावली वापरात आणण्यापूर्वी दुसऱ्याने ती वाचून पाहायची, अशी पद्धत असते. गणिताची उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकाने तपासावी तसेच हे. त्या वाचनात त्यांना दिसले की एके ठिकाणी परवलीचे शब्द नोंदींमध्ये उघडे जात आहेत. ती एक ओळ दुरुस्त करून ते थांबू शकले असते. पण त्यांनी एक लहान गट नेमला आणि असे आणखी कुठे होत आहे का, याचा सर्वत्र शोध घेतला. तेव्हा मोठा साठा सापडला.

ब्रायन क्रेब्स या पत्रकाराने मार्चमध्ये ही बातमी फोडली आणि त्याच दिवशी कंपनीने निवेदन काढले. फेसबुक लाइटच्या कोट्यवधी, फेसबुकच्या इतर काही कोटी आणि इन्स्टाग्रामच्या हजारो सदस्यांना कळवावे लागेल असा कंपनीचा अंदाज होता. महिनाभरात त्यातला इन्स्टाग्रामचा आकडा 'हजारां'वरून 'लाखां'वर गेला. फेसबुक लाइट ही जाळे मंद असलेल्या प्रदेशांसाठी बनवलेली हलकी आवृत्ती, म्हणजे याची सर्वाधिक झळ अशाच प्रदेशांतील लोकांना लागली. क्रेब्स यांना कंपनीतील एका निनावी कर्मचाऱ्याने दिलेल्या माहितीनुसार यातल्या काही नोंदी २०१२ पासूनच्या होत्या आणि वीस हजारांहून अधिक कर्मचारी त्या शोधून पाहू शकत होते.

सात वर्षे हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही? याचे कारण चाचणीच्या स्वरूपात आहे. चाचणी म्हणजे आज्ञावलीने जे करायला हवे ते ती करते की नाही हे पाहणे. बरोबर शब्दाला प्रवेश मिळतो का? मिळतो. चुकीच्या शब्दाला मिळत नाही ना? नाही. दोन्ही उत्तरे योग्य, चाचणी उत्तीर्ण. पण आज्ञावली न सांगितलेले असे आणखी काय करते, हे चाचणी विचारत नाही. गळक्या नळाने बादली भरतेच. गळती शोधायची तर बादलीकडे नव्हे, जमिनीकडे पाहावे लागते.

शोधायचे कसे?

वाचून तपासणाऱ्याचा नेहमीचा पहिला उपाय म्हणजे `log` असलेल्या ओळींत `password` हा शब्द शोधणे. तो करावाच, पण त्यात वरच्या उदाहरणातली ओळ सापडणार नाही हे आपण पाहिलेच. म्हणून अनुभवी तपासनीस प्रत्येक नोंदीपाशी वेगळा प्रश्न विचारतो. 'ही ओळ काय लिहिते?' एवढेच तो विचारत नाही, तर 'ही जी वस्तू अख्खी लिहिली जात आहे, तिच्यात आज किंवा उद्या काय काय असू शकेल?' असे विचारतो. संपूर्ण अर्ज, संपूर्ण मागणी, संपूर्ण चूक-अहवाल लिहिणाऱ्या ओळी त्याच्या दृष्टीने संशयित असतात.

दुसरा उपाय भौतिकशास्त्रातल्या किंवा जीवशास्त्रातल्या शिक्षकांना ओळखीचा वाटेल. भूमिगत पाण्याचा मार्ग शोधताना एका विहिरीत रंग सोडतात आणि तो कुठे उगवतो ते पाहतात. तसाच इथे एक 'रंगीत' शब्द सोडायचा. चाचणीसाठी खोटे खाते उघडायचे आणि त्याला `kairi4419` यासारखा, इतर कुठेही आढळणार नाही असा शब्द द्यायचा. मग शक्य त्या सर्व वाटांनी तो वापरायचा. एकदा बरोबर प्रवेश, एकदा मुद्दाम नावाच्या चौकटीत, एकदा शब्द बदलताना, एकदा प्रणाली मध्येच अडखळेल अशा वेळी. त्यानंतर साऱ्या नोंदी धुंडाळायच्या:

```
grep -rl "kairi4419" /var/log
```

या आज्ञेने एकाही फाइलीचे नाव दाखवायला नको. दाखवले, तर गळती तिथे आहे.

मात्र काही दाखवले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. जुन्या नोंदी दाबून लहान केलेल्या असतात, त्यांत हा शोध पोहोचत नाही. काही नोंदी दुसऱ्याच संगणकावर गेलेल्या असतात. आणि कधी शब्द वेष पालटून बसलेला असतो. वेबच्या एका जुन्या पद्धतीत नाव आणि शब्द एकत्र जोडून असे पाठवतात:

```
Authorization: Basic YXNoYTprYWlyaTQ0MTk=
```

हे गुप्त लिपीसारखे दिसते, पण त्यात गुपित काहीच नाही. ठराविक कोष्टकाने अक्षरे बदललेली आहेत, आणि कोणीही ती उलट फिरवून `asha:kairi4419` मिळवू शकतो. म्हणून शोध घ्यायचा तर रंगीत शब्दाचे असे वेषही शोधावे लागतात. याच न्यायाने टोकनही पाहावे लागते. प्रवेश मिळाल्यावर प्रणाली आपल्याला जी लांबलचक खूण देते ते टोकन. ती ज्याच्या हाती लागेल त्याला मुदत संपेपर्यंत शब्द न विचारता आत घेतले जाते.

तिसरा उपाय प्रतिबंधाचा आहे. शब्दाला आज्ञावलीत साधी अक्षरमाला म्हणून वागवण्याऐवजी अशा डबीत ठेवायचे की ती छापायला सांगितली तर फक्त तारे छापील:

```python
class Secret:
    def __init__(self, value):
        self._value = value
    def __repr__(self):
        return "****"
```

यानंतर कोणी विसरून अख्खा अर्ज नोंदवला तरी वहीत `****` एवढेच येते. पण अर्ज हाती आल्याबरोबर शब्द डबीत ठेवला गेला, तरच हा उपाय चालतो. आणि माणसाने शब्द नावाच्या चौकटीत टाइप केला, तर तो डबीत ठेवायचा होता हे प्रणालीला कळणार कसे? सर्वांत जुनी वाट अशी आजही पूर्णपणे बंद झालेली नाही.

सापडल्यानंतर

समजा, तपासणीत अशी ओळ सापडली. ती खोडली की काम झाले का? ओळ खोडल्याने उद्याची गळती थांबते, काल सांडलेले पाणी तसेच राहते. ती ओळ केव्हापासून चालू होती, नोंदींच्या प्रती कुठे कुठे गेल्या, त्या कोण उघडू शकत होते, हे शोधावे लागते. प्रती पुसाव्या लागतात, टोकने रद्द करावी लागतात आणि लोकांना शब्द बदलायला सांगावे लागते. सगळ्या नोंदी सरसकट पुसून टाकता येतील असेही नाही. आपल्याकडे सर्ट-इन या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवसांपर्यंत जपून ठेवणे बंधनकारक आहे. हल्ला झाला तर माग काढायला त्या लागतात. वही तर ठेवायची आहे, पण तिच्यातले नेमके शब्द तेवढे काढायचे आहेत, अशी ही कसरत असते.

फेसबुकचे म्हणणे होते की, हे शब्द कंपनीबाहेर कोणालाही दिसले नाहीत आणि आतल्या कोणी त्यांचा गैरवापर केल्याचा पुरावा नाही. मग नुकसान काय झाले? हा प्रश्न आयर्लंडच्या विदा-संरक्षण आयोगापुढे गेला. कंपनीचे युरोपातील मुख्यालय तिथे असल्याने चौकशी त्या आयोगाने केली. एप्रिल २०१९ मध्ये ती सुरू झाली आणि २७ सप्टेंबर २०२४ रोजी निर्णय जाहीर झाला. तोवर कंपनीचे नाव मेटा झाले होते. दंड होता ९ कोटी १० लाख युरो.

या निर्णयातले दोन मुद्दे वाचण्यासारखे आहेत. पहिला असा की, शब्द उघडे लिहिले जाणे हाच सुरक्षेचा भंग आहे, त्यासाठी चोर यायला हवा असे नाही. युरोपच्या कायद्यानुसार असा भंग लक्षात आल्यावर शक्यतो ७२ तासांत आयोगाला कळवायचा असतो. कंपनीला तो जानेवारीत सापडला होता आणि आयोगाला मार्चमध्ये कळवला गेला. दुसरा मुद्दा तर आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. असा भंग झाला की त्याची हकीकत, परिणाम आणि केलेले उपाय लेखी नोंदवून ठेवायचे असतात. तशी नोंद कंपनीने ठेवली नाही, असा ठपका आयोगाने ठेवला.

म्हणजे जे लिहायचे नव्हते ते वर्षानुवर्षे नोंदवहीत लिहिले गेले, आणि ते लिहिले गेल्याची जी नोंद करायची होती, ती मात्र झाली नाही.